भातुकली संगणकावरची

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी ताईच्या घरी गेलो होतो. माझी भाची बारा वर्षांची, सहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. एरवी मामा आला की धावत येणारी ही मुलगी त्या दिवशी संगणकासमोरून हलली नाही. मी चहा घेत बसलो असताना तिने मान न वळवताच विचारले, "मामा, माणूस गेल्यावर घरातली माणसं किती दिवस दुःखी असतात?"

ताईने माझ्याकडे पाहिले. ताईच्या सासऱ्यांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. पूर्वी दिवसभर बोलणारी ही बाई आता विचारले तेवढेच उत्तर देते, हे घरातल्या सगळ्यांना दिसत होते. पण त्यावर कोणी बोलत नव्हते. मी खुर्ची ओढून भाचीशेजारी बसलो. पडद्यावर एक घर होते आणि घरात चार माणसे होती.

वाचकांपैकी अनेक पालक माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. मूल सुटीत सतत खेळात डोके घालून बसते, त्याचे काय करावे? या तक्रारीला एकच उत्तर देता येत नाही, कारण 'खेळ' या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. गोळ्या झाडण्याचा खेळ वेगळा, पत्त्यांचा वेगळा. भाची खेळत होती तो तिसऱ्याच जातीचा. त्यात जिंकणे-हरणे नसते. एक कुटुंब मांडायचे आणि त्याचा संसार चालवायचा. थोडक्यात, आपल्याकडची भातुकली. फरक इतकाच की इथल्या बाहुल्यांना खरोखर भूक लागते.

या खेळाचे नाव 'द सिम्स'. त्याचा कर्ता विल राइट हा अमेरिकन खेळरचनाकार. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली. त्यात हजारो घरे गेली, त्यांत राइट यांचेही होते. घर नव्याने उभारताना माणसाला काय काय लागते आणि कशाच्या आधी काय लागते, याचा विचार त्यांच्या डोक्यात सुरू झाला. त्यातून हा खेळ आला. तो २००० साली बाजारात आला आणि त्याची चौथी आवृत्ती २०१४ साली निघाली. ऑक्टोबर २०२२ पासून या चौथ्या आवृत्तीचा मूळ भाग विनामूल्य मिळतो. त्यावरचे जोडभाग मात्र विकत घ्यावे लागतात. खेळातली माणसे कोणतीही खरी भाषा बोलत नाहीत. त्यांची एक बनावट बडबड आहे. कोण काय म्हणतो हे हावभावांवरून आणि डोक्यावर उमटणाऱ्या चित्रांवरून ओळखावे लागते. सूचना इंग्रजीत असतात, पण आपल्या भागातली सातवी-आठवीची मुले तेवढे इंग्रजी सहज निभावून नेतात असा माझा अनुभव आहे.

आता आतली रचना थोडी समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. प्रत्येक माणसाच्या सहा गरजा पट्ट्यांच्या रूपात दिसतात : भूक, झोप, स्वच्छता, शौच, करमणूक आणि सहवास. पट्टी भरलेली असली की हिरवी असते, ओसरत गेली की पिवळी आणि मग लाल होते. एकाच वेळी सगळ्या पट्ट्या ओसरत असतात आणि दिवस चोवीस तासांचाच असतो. साध्या गतीने चालवला तर खेळातला एक तास आपल्या एका मिनिटात संपतो, म्हणजे एक दिवस चोवीस मिनिटांत.

इथवर हा नुसता हिशेब झाला. पण कोणती गरज कमी पडली की मनाचे काय होते, हेही खेळात बांधून दिले आहे. उपाशी किंवा झोप न झालेला माणूस अस्वस्थ होतो. करमणूक न मिळालेला ताणाखाली येतो. ज्याच्याशी कोणी बोलत नाही तो दुःखी होतो. माणूस कोणत्या मनःस्थितीत आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसते आणि शेजारी लहान चौकटी असतात. चौकटीवर बाण नेला की कारण वाचता येते, आणि ते कारण किती तास टिकेल तेही. एका वेळी तीन-चार चौकटी असू शकतात. चांगले जेवण झाले आहे, पण कामावर फार राबावे लागले आहे, आणि शिवाय खोलीत पसारा आहे. या सगळ्यांच्या वजनातून त्या क्षणाची मनःस्थिती ठरते.

भाचीने पहिल्यांदा मांडलेला संसार कसा बुडाला ते सांगतो, म्हणजे हे स्पष्ट होईल. तिने आपलेच घर घेतले होते : आजोबा, आजी, आई आणि ती स्वतः. (भावोजी नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात आणि शनिवारी रात्री येतात. बाईसाहेबांनी त्यांना यादीत घेतलेच नव्हते. हे त्यांना नंतर कळले आणि पुढच्या शनिवारी ते एक दिवस आधीच आले.) एकट्या माणसाला खेळ वीस हजार 'सिमोलियन' देतो आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे दोन हजार. चौघांचे झाले सव्वीस हजार. भाचीने त्यातला मोठा वाटा बैठकीच्या खोलीवर आणि भिंतीवरच्या टीव्हीवर घातला. पलंग सर्वांत स्वस्त घेतले, शेगडीही स्वस्तातली.

स्वस्त पलंगावर झोपेची पट्टी हळू भरते. म्हणजे तेवढ्याच झोपेला जास्त तास लागतात. ते तास कुठून आणणार? आई सकाळी अर्ध्या झोपेत उठली. भाचीने तिला आधी सगळ्यांचा स्वयंपाक करायला लावले. स्वयंपाक होईपर्यंत कामावर जायची वेळ झाली आणि आई उपाशीच गेली. मनःस्थिती वाईट असली की कामाची प्रत घसरते. असे दोन-तीन दिवस गेले आणि बढती लांबली. संध्याकाळी आई ताणाखाली घरी आली, तेव्हा भाचीने तिच्यासमोर पडद्यावरच्या मुलीला उभे केले आणि विनोद सांगायला लावला. विनोद उलटला. दोघींच्या नात्याची पट्टीच खाली गेली. तिने पुन्हा विनोद सांगितला, पुन्हा तेच. चौथ्या दिवशी न शिकलेल्या हाताने स्वयंपाक करताना शेगडी पेटली. आठवड्याचे बिल आले तेव्हा पैसे नव्हते. बिल थकले की खेळ आधी इशारा देतो, मग वीज तोडतो, मग पाणी.

"सगळं टीव्हीमुळं झालं," असे भाचीने मला सांगितले. मी विचारले, टीव्हीमुळे कसे? तेव्हा तिने उलट्या क्रमाने एक-एक पायरी सांगितली : बिल, त्याआधी बढती, त्याआधी उपास, त्याआधी झोप, त्याआधी पलंग. एका निर्णयाचा परिणाम पाच पायऱ्यांनंतर कुठे निघतो, हे तिला मागे जाऊन शोधता आले. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांना 'असे केले असते तर' या धर्तीचा विचार सुटसुटीतपणे करता येऊ लागतो. आठ वर्षांच्या मुलासमोर हाच खेळ ठेवला तर ते बहुधा घर सजवेल आणि कपडे बदलेल. तेही वाईट नाही, पण त्यातून ही साखळी दिसत नाही.

दुसऱ्या संसारात तिने टीव्ही घेतला नाही, पलंग बरे घेतले. कामावरून आलेल्या आईला आधी जेवू दिले, मग अर्धा तास नुसते बसू दिले आणि मग मुलीला बोलायला पाठवले. विनोद चालला.

याचा घरी काय परिणाम झाला? ताई सरकारी कार्यालयात काम करते. साडेसहाला घरी येते आणि आल्या आल्या वही दाखवायला गेले की ओरडते. मायलेकींची ही रोजची कुरबूर होती. त्या आठवड्यात एकदा ताई आली, तेव्हा भाची वही घेऊन उठली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि परत बसली. "आई, तू दुपारी जेवलीस का?" असे तिने विचारले. ताईने मला हे सांगितले तेव्हा तिचा आवाज जरा वेगळा होता. दुपारी ती खरोखरच जेवली नव्हती.

एका प्रसंगावरून मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही. वैद्यकीच्या माणसाने तो काढूही नये. हा खेळ खेळला की मूल समंजस होते, असे मी म्हटले तर ती फसवणूक होईल. उलटेही होऊ शकते आणि त्याचे एक चांगले उदाहरण नोंदलेले आहे.

अमेरिकेत डरहॅम नावाचे शहर आहे. तिथे बेघरांना मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी २०११ साली 'स्पेंट' नावाचा एक छोटा खेळ तयार झाला. तुमची नोकरी आणि घर गेले आहे, हाती हजार डॉलर उरले आहेत आणि महिना काढायचा आहे. मूल आजारी पडते, गाडी बिघडते, भाडे थकते. प्रत्येक वेळी दोन-तीन पर्याय समोर येतात आणि तुम्ही निवडायचे. खेळणाऱ्याच्या मनात गरिबांविषयी कणव निर्माण व्हावी हा हेतू. येल विद्यापीठातल्या जीना रूसोस आणि जॉन डोव्हिडिओ या मानसशास्त्रज्ञांनी हा खेळ तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळल्यामुळे गरिबांविषयीची मते सुधारली नाहीत आणि काही जणांची तर अधिक प्रतिकूल झाली. याउलट दुसरा कोणी खेळत असताना नुसते पाहिले, तर सहानुभूती वाढलेली आढळली. त्यांनी लावलेला अर्थ विचार करण्याजोगा आहे. खेळताना प्रत्येक निर्णय आपल्या हातात असतो. त्यामुळे नीट निवड केली की गरिबी टळते, असे खेळणाऱ्याला वाटू लागते. मी तर महिना काढला, मग यांना का जमत नाही, असा तो भाव.

'सिम्स'मध्येही हाच धोका आहे, किंबहुना जास्त आहे. तिथे मूल घरातल्या सगळ्यांचे मालक असते. आजीला उठ म्हटले की आजी उठते. नोकरी हवी म्हटली की मिळते, अर्ज करून वर्षभर वाट पाहावी लागत नाही. नातेवाइकांचे कर्ज नाही, पाऊस हुकणे नाही. शेजारचे कुटुंब गरीब असेल तर ते आळशी असणार, हा निष्कर्ष बारा वर्षांचे मूल या खेळातून अगदी सरळ तर्काने काढू शकते. भाचीनेही एकदा तो काढला. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींबद्दल ती म्हणाली, "त्यांनी आधी कौशल्याची पट्टी वाढवायला हवी होती." मी रागावलो नाही. इतकेच सुचवले की, नवा संसार मांड, त्यात मोठी माणसे एकच ठेव, मुले तीन, आणि घरावर जवळजवळ सगळे पैसे खर्च करून टाक, म्हणजे हातात काही उरणार नाही. त्या बाईची कौशल्याची पट्टी तू वाढवून दाखव. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, "मामा, वेळच उरत नाही. ती रात्री वाचायला बसली की झोपेची पट्टी लाल होते."

माझे सांगणे इतकेच की, खेळ शेजारी बसून एखादा प्रश्न विचारणाऱ्या माणसाबरोबर खेळला जावा. रोज बसायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. तेवढ्यात साध्या गतीने खेळातले जवळजवळ दोन दिवस होतात. प्रश्न 'काय केलेस' असा नसावा, 'ती अशी का वागली असेल' असा असावा. मुलाने चौकटीकडे बोट दाखवले की दुसरा प्रश्न : ही चौकट दिसली नसती तर तुला कसे कळले असते? या दुसऱ्या प्रश्नावर मुले थांबतात. घरातल्या माणसांच्या डोक्याशेजारी चौकटी नसतात. तिथे विचारावे लागते.

मूल विचार करते आहे की नाही हे ओळखायचे एक साधे लक्षण आहे. विचार करणारे मूल खेळाबद्दल बोलताना माणसांची आणि कारणांची नावे घेते. न करणारे फक्त वस्तू आणि रक्कम सांगते. या खेळात कळफलकावर Ctrl, Shift आणि C ही तीन बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या जागेत `motherlode` असे लिहिले की पन्नास हजार फुकट मिळतात. मुलांना ही युक्ती आठवडाभरात कळतेच. ती वापरून वाडा बांधणे यात काही पाप नाही, पण पैशांची टंचाई संपली की निवड करायचे कारणही संपते आणि उरते ते घराची सजावट. ताईकडे असा नियम ठरला की वाडा वेगळ्या संसारात बांधायचा आणि आपल्या घराच्या संसारात ही युक्ती वापरायची नाही.

काही पालक घाबरून सांगतात की मूल खेळातल्या माणसाला मुद्दाम उपाशी ठेवते किंवा दार नसलेल्या खोलीत कोंडते. एक-दोनदा असे जवळजवळ प्रत्येक मूल करून पाहते. भिंगाने मुंगी पाहावी तसा तो प्रकार असतो. मात्र आठवडेच्या आठवडे तोच खेळ चालला असेल, कोंडलेल्या माणसाला घरातल्या किंवा वर्गातल्या एखाद्याचे नाव दिलेले असेल आणि मूल एरवीही गप्प झाले असेल, तर खेळ बंद करण्याची घाई करू नका. त्या नावाबद्दल शांतपणे विचारा. काही वेळा शाळेतला छळ अशा वाटेने कळतो.

वयाबद्दलही सांगायला हवे. युरोपातली मानांकन पद्धत या खेळाला बारा वर्षांपासून पुढचा मानते, अमेरिकेतली तेरापासून. त्यात मोठ्या माणसांचे प्रेमप्रकरण आहे, पांघरुणाखालचा सूचक प्रसंगही आहे. बारा वर्षांच्या मुलाला त्याबद्दल प्रश्न पडणार, तेव्हा उत्तराची तयारी ठेवावी. अनोळखी लोकांनी बनवलेले फुकटचे फेरबदल उतरवून घेऊ देऊ नयेत, त्यांत नको ते बरेच असते. पैसे भरण्याची सोय मुलाच्या हाती देऊ नये. आणि झोपण्याआधी तासभर पडदा बंद. बाहुलीची झोपेची पट्टी भरताना मुलाची स्वतःची लाल होऊ नये.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. भाचीच्या खेळात आजोबा म्हातारपणाने गेले होते. तिने जपून न ठेवता खेळ बंद केला आणि मागच्या जागेवरून पुन्हा सुरू केला. ते पुन्हा गेले. असे तीनदा झाले. मग तिला खेळाच्या मांडणीत वय वाढणे थांबवण्याची सोय सापडली आणि आजोबा राहिले. दहा-बारा दिवस तिने तसाच संसार चालवला. पण वय थांबले ते सगळ्यांचेच. पडद्यावरची मुलगीही मोठी होईना. शेवटी तिने स्वतःच ती सोय काढून टाकली आणि या वेळी आजोबा गेल्यावर खेळ बंद केला नाही. आजीच्या चेहऱ्याशेजारी दुःखाची चौकट आली. खेळातल्या दोन-चार दिवसांत ती चौकट निघून गेली आणि आजी टीव्ही पाहून हसू लागली. भाचीला पडलेला प्रश्न हा होता. खेळात दोन-चार दिवस, मग आपल्या आजीला पाच महिने का?

मी तिला म्हटले, खेळात कारण एकच लिहिलेले असते. आजीची कारणे किती आहेत ते मला माहीत नाही, तूच विचार.

ती त्याच संध्याकाळी आत गेली. मी बाहेर बसलो होतो, बोलणे तुटक ऐकू येत होते. आजी आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की दुपारी चारला त्या अजून दोन कप चहाचे पाणी ठेवतात. हात आपोआप जातो. उरलेला चहा ओतून द्यावा लागतो तेव्हा बरे वाटत नाही. घरात पाच महिने कोणालाच हे माहीत नव्हते, कारण चारला घरी कोणी नसे.

सुटीभर चारचा दुसरा कप भाची पीत होती. अर्धे दूध घालून. बारा वर्षांच्या मुलांनी चहा घेऊ नये असे मी याच सदरात पूर्वी लिहिले आहे. ताईने मला त्याची आठवण करून दिली. मी काही बोललो नाही.